मदत हवी आहे: हॉटेलवाल्यांना आणि डीलरना मसाला परत मागवायचं पत्र कसं लिहू? (अर्जंट)

रंकाळ्याचा_वारा
मंडळी जरा घाईत आहे. आमचा कांदा लसूण मसाल्याचा छोटा कारखाना आहे, ५ किलोचे हॉटेल पॅक आणि १ किलोचे पाऊच, घरगुती गिऱ्हाईक नाही, सगळा माल हॉटेल, मेस आणि डीलर. आज सकाळी एका हॉटेलवाल्याचा फोन आला की मसाल्यात बारीक तार सापडली, बॅच १४५. आम्ही लगेच चाळणी उघडून बघितली तर जाळी कडेला फाटलीय. माल परत मागवायचाच आहे, त्यात वाद नाही, पण पत्र असं पाहिजे की गिऱ्हाईक घाबरून दुसऱ्याकडे जायला नको. मी हे लिहिलंय, दुरुस्त करून द्या, दुपारी पाठवायचंय:

"सप्रेम नमस्कार. काही तांत्रिक कारणास्तव आमच्या कांदा लसूण मसाल्याची बॅच क्र. १४५ गुणवत्ता तपासणीसाठी परत घेण्यात येत आहे. तरी आपल्याकडील शिल्लक माल सोयीनुसार परत करावा व सहकार्य करावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला लोभ आहेच, तो वाढावा."

मिसळ_कट्टा
मी स्वतः मिसळचं हॉटेल चालवतो म्हणून सांगतो, असलं पत्र आलं तर मी गल्ल्याखाली सारून देणार. पत्रबित्र कोण वाचतंय भावा, व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाक की मसाला चाळून वापरा आणि वरनं लोहचुंबक फिरवा. आमच्याकडं पीठ पण चाळूनच घेतात. एवढ्यासाठी सगळा माल मागं घ्यायचा म्हणजे लै झालं.

जुना_क्यूए
मिसळ कट्टा, सगळ्यांनी चाळून वापरा हा सल्ला कृपया देऊ नका. का ते पुढे लिहितो, आधी धागाकर्त्याला प्रश्न.

१४५ च का? तक्रार १४५ ची आली म्हणून? जाळी कधी फाटली ते तुम्हाला माहीत नाही, फाटलेली कधी दिसली एवढंच माहीत आहे. जाळी धडधाकट आहे हे शेवटचं कुणी, कधी डोळ्यांनी बघितलं होतं? जाळी कसली आहे, लोखंडी की स्टेनलेस? आणि फाटलेले तुकडे जागेवर जुळवून बघितलेत का, किती तार गायब आहे?

रंकाळ्याचा_वारा
जाळी ३० मेश, स्टेनलेस ३०४. तुकडे जुळवले, साधारण बोटाएवढ्या लांबीचा भाग सापडत नाही, म्हणजे त्यातल्या सगळ्या बारीक तारा. सोमवारी सकाळी धुताना पोराने बघितली होती तेव्हा ठीक होती, वहीत सही आहे. त्यानंतर आज. पण तक्रार फक्त १४५ ची आहे हो, उगाच सगळं का ओढून घेऊ?

जुना_क्यूए
सोमवारपासून आजपर्यंत कोणकोणत्या बॅच निघाल्या?

रंकाळ्याचा_वारा
१४१ ते १४६. एका बॅचला १२० किलो.

जुना_क्यूए
मग परत मागवायच्या सहाही. जाळी धड असल्याची शेवटची नोंद १४१ च्या आधीची आहे, त्यामुळे १४१ चांगली आहे असं म्हणायला तुमच्याकडे काहीच आधार नाही. तक्रार आली नाही याचा अर्थ तार नाही असा होत नाही, कुणाला अजून दिसली नाही इतकाच होतो. आणि पहिलं पत्र १४५ चं, दोन दिवसांनी दुसरं १४३ चं, मग तिसरं, असं झालं की तुमच्या चौथ्या पत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. एकदाच मोठं वर्तुळ काढा.

अजून एक. आज १४७ काढलीत का, आणि १४६ चा मिक्सरमध्ये उरलेला माल त्यात गेला का?

रंकाळ्याचा_वारा
गेला. १० एक किलो असेल. जाळी बदलून मग १४७ काढली पण खालचा उरलेला माल नेहमीसारखा त्यातच टाकला. १४७ अजून गोडाऊनमध्येच आहे.

जुना_क्यूए
मग १४७ ला हात लावू नका, तिच्यावरही लाल फीत.

आता चाळण्याबद्दल. मिसळ कट्टा, तुमचं अर्धं बरोबर आहे, लोखंडाचा कीस असता तर चुंबकाने बराचसा निघाला असता, म्हणूनच दळायच्या मशीनखाली चुंबक बसवतात. पण ३०४ स्टेनलेस चुंबकाला धड चिकटत नाही. आणि तार चाळणीवर आडवी पडली तर अडकते, उभी झाली की सुईसारखी भोकातून खाली जाते. जाळीची तार साधारण पाव मिलिमीटर जाड, भोक त्याच्या जवळजवळ दुप्पट. मोठ्या कारखान्यातलं मेटल डिटेक्टर मशीनसुद्धा तार कुठल्या दिशेने गेली त्यावर पकडतं किंवा सोडतं. एवढं असताना हॉटेलच्या स्वयंपाक्यावर ती जबाबदारी टाकायची आणि उद्या कुणाच्या घशात रुतली तर "आम्ही चाळायला सांगितलं होतं" म्हणायचं, हे चालणार नाही.

मिसळ_कट्टा
बरं बाबा, चाळणी राहू दे. पण व्हॉट्सॲपवर मी ठाम आहे, सकाळी सहाला कट करायला घेतो आम्ही, कुरिअरनं पत्र येईपर्यंत दोन दिवसांची मिसळ विकून होते.

जुना_क्यूए
यावर दुमत नाही. आधी फोन, त्यामागे व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो, आणि सही घ्यायला कागद माणसाबरोबर. फोन कुणी उचलला, किती वाजता, काय म्हणाला ते वहीत लिहा. नुसत्या दोन निळ्या टिकांवर जाऊ नका, मालकाने बघितलं म्हणजे स्वयंपाकघरात कळलं असं नसतं.

न्यूजर्सीकर
आमच्या इथे कारचा रिकॉल आला होता एअरबॅगचा. डीलरने पत्र पाठवलं, अपॉइंटमेंट घेतली, फुकट बदलून दिलं, कॉफी पण दिली. भारतात असलं काही होणार नाही. तुम्ही ग्राहकांना वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बघायची सोय करा, म्हणजे बॅच नंबर. सोपं आहे.

रंकाळ्याचा_वारा
दादा माझं गिऱ्हाईक मिसळवाले आणि मेसवाल्या मावशी आहेत, वेबसाइट कुठनं काढू.

विळखा
कांदा लसूण मसाल्यात सुकं खोबरं किती घालता? आमची आई भाजून घालायची आणि तो मसाला वर्षभर टिकायचा. बाहेरच्या मसाल्याला ती चव नाही.

सांगलीचा_डीलर
मी डीलर आहे (मसाल्याचा नाही, फरसाण आणि पापड), तर आमची बाजू पण ऐका. कंपन्या पत्र पाठवतात "माल परत करा", पण कोण उचलणार, भाडं कोण देणार, पैसे कधी मिळणार यातलं एक अक्षर नसतं. मग आमचा सेल्समन काय करतो, परतीचा माल आणि एक्सपायरीचा माल एकाच पोत्यात टाकून गोडाऊनच्या कोपऱ्यात. महिन्याने तो कुठे जातो देवाला ठाऊक. तुमच्या पत्रात "सोयीनुसार" लिहिलंय ना, तो शब्द वाचला की आमची सोय दिवाळीनंतरच.

सीए_मानसी
क्रेडिट नोट वेळेत काढा. ज्यांना टॅक्स इन्व्हॉइस दिलाय त्यांना कलम ३४ खाली क्रेडिट नोट, समोरचा जीएसटीत असेल तर त्याने घेतलेलं क्रेडिट त्याला उलटवावं लागेल हे पत्रात एका ओळीत टाका. माल नष्ट केला तर तुमच्या कच्च्या मालाचं इनपुट क्रेडिट पण कलम १७(५) मुळे जातं, ते विसरतात लोक. आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर माल असेल तरच ई-वे बिल, राज्याबाहेर ५० हजारांपासून.

रंकाळ्याचा_वारा
ताई एवढं विचारलं नव्हतं पण कामाचं आहे. राज्याबाहेरचं म्हणाल तर निपाणीला एक डीलर आहे आमचा.

जुना_क्यूए
हे आता सांगताय! निपाणी म्हणजे कर्नाटक. कोणाला किती गेला ते सगळं एकदम लिहा बरं. सहा बॅचचे ७२० किलो, त्यातले गोडाऊनमध्ये किती?

रंकाळ्याचा_वारा
गोडाऊनमध्ये १९५. बाहेर ५२५. आमचा सांगलीचा डीलर १८०, निपाणी १२०, बाकी २२५ थेट हॉटेल आणि मेसला. बिलावर बॅच लिहितो आम्ही, त्यामुळे हॉटेलची यादी आहे. डीलरनी पुढं कुणाला दिला ते माहीत नाही. आणि कोल्हापूरच्या अन्न व औषधच्या ऑफिसला कळवायलाच लागतं का? ते आले की सगळंच बंद करतील अशी भीती आहे.

जुना_क्यूए
लागतं. २००६ च्या कायद्याचं कलम २८ असंच आहे की माल असुरक्षित वाटला तर तो मागे घ्या आणि कारण सांगून अधिकाऱ्यांना कळवा. त्यावर एफएसएसएआयचे २०१७ चे रिकॉलचे नियम आहेत, त्यात २४ तासांत सुरुवात करायची आहे, आणि तुमचं घड्याळ सकाळच्या फोनपासून चालू झालंय. सहायक आयुक्त (अन्न) यांच्या ऑफिसला स्वतः जा, बॅच, किलो, कुणाला गेला ती यादी आणि पत्राची प्रत घेऊन. निपाणीचंही तिथेच सांगा. हॉटेलवाल्याच्या तोंडून त्यांना आधी कळलं तर जास्त महागात पडतं. बंद करतील की नाही हे मी सांगू शकत नाही, पण जाळी बदलली, माल अडवला, यादी तयार आहे असा माणूस समोर आला की बोलणं वेगळं होतं.

आता पत्र. तुमच्या मसुद्यातला "तांत्रिक कारणास्तव" आणि "गुणवत्ता तपासणीसाठी" हा भाग काढा. वाचणाऱ्याला वाटतं रंग किंवा चव कमी-जास्त झाली असेल, वापरून टाकू. तार म्हणा. पहिल्या ओळीत काय करायचं ते, मग का, मग परत कसं द्यायचं. दिलगिरी एकदाच, साध्या शब्दांत. मी असं लिहीन:

"तातडीचे – कांदा लसूण मसाला वापरणे आणि विकणे लगेच थांबवा

बॅच १४१, १४२, १४३, १४४, १४५, १४६. ५ किलो पॅक आणि १ किलो पाऊच. बॅच नंबर पाकिटाच्या मागे, पॅकिंगच्या तारखेखाली आहे.

आमच्या चाळणीची जाळी फाटून स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारा मसाल्यात गेल्या आहेत. एका हॉटेलमध्ये अशी तार सापडली. तारेने तोंडाला, घशाला किंवा पोटात इजा होऊ शकते. हे पत्र लिहीपर्यंत कुणाला इजा झाल्याचे आम्हाला कळलेले नाही. आपल्याला काही कळले असेल तर त्याच क्षणी खालच्या नंबरवर फोन करा.

मसाला चाळून किंवा चुंबक फिरवून वापरू नका, तार त्यातून सुटते. मसाला डब्यात ओतला असेल आणि बॅच आठवत नसेल तर तो याच बॅचचा समजा. या मसाल्याचे तयार वाटण किंवा कट शिल्लक असेल तर टाकून द्या आणि अंदाजे किती मसाला त्यात गेला ते लिहून ठेवा.

फोडलेली, न फोडलेली सगळी पाकिटे एका पोत्यात बांधा, वर 'वापरू नका' लिहा, आणि एक्सपायरीच्या मालापासून वेगळी ठेवा. आपण कुठे पाठवायची गरज नाही. आमचा माणूस उद्या किंवा परवा येऊन वजन करून घेऊन जाईल आणि पावती देईल. बिल सापडले नाही तरी चालेल. फोडलेल्या पाकिटाचेही पूर्ण पैसे धरू. नवा माल हवा की पैसे, ते आपण सांगा.

शिल्लक काही नसेल तरी सोबतच्या चिठ्ठीवर 'शिल्लक नाही' लिहून सही द्या. आपण हा माल पुढे कुणाला दिला असेल तर हेच पत्र त्यांना आजच द्या.

ही चूक आमच्या कारखान्यात झाली. त्याबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो. – मालकाचे नाव, सही, मोबाइल (सकाळी ६ ते रात्री ११)"

मिसळ_कट्टा
हे असलं आलं तर मी वाचीन. "फोडलेल्या पाकिटाचे पूर्ण पैसे" ही ओळ जरा वर घ्या, तिथंच हॉटेलवाला थांबतो.

जुना_क्यूए
नको. पैशाची ओळ वर आली की तार खाली जाते. आहे तिथे राहू दे.

मिसळ_कट्टा
तुम्ही कारखान्यात काम केलंय, गल्ल्यावर नाही. फोडलेलं पाकीट कोण परत देतंय सांगा, निम्मं वापरलेलं, त्याचे पैसे मिळत नाहीत असं धरूनच ते मागं ठेवतात आणि संपवतात. निदान फोनवर तरी पहिल्यांदा सांगा.

जुना_क्यूए
फोनवर सांगा, हे मान्य.

रंकाळ्याचा_वारा
"ही चूक आमच्या कारखान्यात झाली" हे लेखी द्यायचं का? वकील मित्र म्हणतो देऊ नको. "कुणालाही काही होणार नाही, निर्धास्त राहा" असं पण टाकावं असं घरचे म्हणतायत.

जुना_क्यूए
निर्धास्त राहा अजिबात नाही. ते तुम्हाला माहीत नाही, आणि निर्धास्त झालेला माणूस पोतं बांधत नाही. चुकीच्या वाक्याचं वकिलाला विचारा, तो माझा प्रांत नाही. तो नकोच म्हणाला तर "जाळी आमच्या कारखान्यात फाटली" लिहा, ती घडलेली गोष्ट आहे आणि वर लिहिलेलीच आहे. माफी मात्र काढू नका.

सांगलीचा_डीलर
एक अडचण सांगतो. "पुढे कुणाला दिला त्यांना पत्र द्या" ठीक आहे, पण कंपनीने माझ्याकडे दुकानांची यादी मागितली तर मी देणार नाही. वर्षानुवर्षं जोडलेली गिऱ्हाइकं, उद्या तुम्हीच थेट माल द्यायला लागाल. अनुभव आहे.

जुना_क्यूए
भीती समजते. पण "सगळ्यांना सांगितलं" एवढ्या तोंडी शब्दावर त्यांनी कसं थांबायचं? निदान चिठ्ठ्या तरी द्या, प्रत्येक दुकानाची सही आणि किलो असलेल्या.

सांगलीचा_डीलर
चिठ्ठीवर दुकानाचं नाव असतंच की, म्हणजे यादीच झाली ती. पत्ता आणि नंबर झाकून किलो आणि सही दाखवीन फार तर. अधिकाऱ्यांनी मागितली तर त्यांना सगळी देईन, कंपनीला नाही.

जुना_क्यूए
झाकलेल्या सहीवरून फोन करून खात्री करता येत नाही. दहातल्या दोन दुकानांना तरी कंपनीने स्वतः फोन करून विचारलं पाहिजे की पत्र मिळालं का, माल बाजूला काढला का.

विळखा
खोबऱ्याचं उत्तर राहिलं.

रंकाळ्याचा_वारा
दोन दिवस धाग्यावर येता आलं नाही, माफ करा. पत्र गेलं, क्यूए काकांचं जवळपास तसंच. वकिलाच्या म्हणण्यावरून "जाळी आमच्या कारखान्यात फाटली" केलं, माफी ठेवली. अन्न व औषधच्या ऑफिसला जाऊन आलो, त्यांनी नमुने घेतले, १४७ सकट गोडाऊनचा माल हलवू नका म्हणून लिहून दिलं.

हिशेब असा: ५२५ पैकी ३७१ किलो परत आला. ९६ वापरला गेला असं चिठ्ठ्यांवर आलंय. ५८ चा पत्ता नाही. त्यातले ४० निपाणीचे, तो डीलर म्हणतो "सगळं सांगितलंय" पण चिठ्ठ्या देत नाही. उरलेले १८ दोन मेसकडचे, फोन लागत नाही, उद्या माणूस पाठवतोय. फोडलेली पाकिटं मात्र भरपूर आली, मिसळ कट्टा तुमचं ऐकून फोनवर पहिलं वाक्य माल थांबवा आणि दुसरं पैशाचंच बोललो.

आता एकच विचारायचंय. परत आलेला ३७१ आणि गोडाऊनचा, एवढा माल आहे, नवीन जाळीतून दोनदा काढून आणि डिटेक्टर असलेल्या मोठ्या कारखान्यातून पास करून घेता येईल का? मिरचीचा भाव बघताय ना.

सीए_मानसी
परत आलेला माल स्टॉक रजिस्टरला वेगळा दाखवा, विक्रीच्या स्टॉकमध्ये मिसळू नका. बाकी तांत्रिक काका सांगतील.

जुना_क्यूए
फोडलेला परत आलेला माल तर सोडाच, हॉटेलच्या डब्यातून काय काय आलंय त्यात देव जाणे. न फोडलेल्याचं म्हणाल तर डिटेक्टरचं आधीच लिहिलंय, लांब बारीक तार हीच त्याची दुबळी जागा आहे. माझं उत्तर नाही. आणि नष्ट करायचा तोही अधिकाऱ्यांना विचारून, त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने, वजनाची नोंद आणि फोटो ठेवून. नुसता खड्ड्यात पुरलात तर ३७१ किलो खरंच गेला हे कुणाला दाखवणार?

त्याआधी निपाणी. डीलरला परत फोन करण्यात वेळ घालवू नका. ४० किलो म्हणजे १ किलोचे पाऊच असतील तर चाळीस स्वयंपाकघरं. डीलर चिठ्ठ्या देत नाही हे सहायक आयुक्तांना आजच लेखी द्या, आणि तुमचा माणूस निपाणीच्या बाजारात पत्रं घेऊन पाठवा. तुमचा मसाला कुठल्या दुकानात आहे हे बाजारात दिसतंच की.

सांगलीचा_डीलर
म्हणजे शेवटी डीलरला डावलून थेट दुकानात गेलातच.

रंकाळ्याचा_वारा
साहेब पत्रं द्यायला जातोय, ऑर्डर घ्यायला नाही. काका, निपाणीचे १ किलोचेच पाऊच आहेत. कन्नडमध्ये पण पत्र लागेल का? दुकानदार मराठी वाचतात बहुतेक, पण स्वयंपाकघरातल्या पोरांचं सांगता येत नाही. कुणी भाषांतर करून देईल का आज रात्रीपर्यंत?

मिसळ_कट्टा
माझ्याकडं एक पोरगा आहे चिकोडीचा. वरच्या चार ओळी करून देतो, व्यनि बघ.